बायोडाट्याचे गुण आणि मशीनवरचं काम: एका पडताळणीची हकिकत

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात वाहनांसाठी शाफ्ट आणि बुश टर्न होतात. मी तिथे एचआर बघते. सीएनसी ऑपरेटर घेताना बायोडाट्याला 100 पैकी गुण द्यायची पद्धत माझ्या आधीपासून चालत आलेली. अनुभवाला 30, दर वर्षाला 5 या हिशेबाने. शिक्षणाला 25, आयटीआय किंवा डिप्लोमाच्या मार्कांना 15, कोणते कंट्रोलर येतात त्याला 15, आणि एका जागी किती टिकला त्याला 15. बेरीज 60 च्या वर गेली की मशीनवर ट्रायल. मग बायोडाट्याचे गुण आणि ट्रायलचे गुण एकत्र करून निवड.

सिन्नरला दुसरं युनिट उभं राहायला लागलं तेव्हा प्लँट हेड साहेबांनी हेच गुणपत्रक तिकडे लावायचं ठरवलं. मी म्हटलं, लावण्याआधी ते खरं ठरतंय का ते बघू. 2021 ते 2023 या तीन वर्षांतले सगळे बायोडाटे, त्यांच्यावरचे गुण आणि घेतलेल्या माणसांचं पुढचं काम, सगळं आपल्याकडेच आहे. साहेबांनी होकार दिला, आणि फाइलींचे गठ्ठे माझ्या टेबलावर आले. घेतलेले ऑपरेटर एकूण 71.

पहिला प्रश्न गुण वाढले की कामही चांगलं निघतं का, या सहसंबंधाचा नव्हताच. एकाच बायोडाट्याला दोन माणसं सारखेच गुण देतात का, हे आधी बघायला हवं होतं. पट्टीच जर प्रत्येकाच्या हातात वेगळी मापत असेल, तर ती कशाचं भाकीत करते हे विचारण्यात अर्थ नाही. जुने गुण झाकून काही बायोडाटे माझ्या सहकाऱ्याने आणि मी वेगवेगळे तपासले. शिक्षण, मार्क यांत फरक पडला नाही. अनुभवात पडला. अप्रेंटिसशिपचं वर्ष अनुभवात धरायचं की नाही, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी धरलं, त्याने धरलं नाही, आणि जुन्या फाइलींत कधी धरलेलं, कधी नाही. म्हणजे 5 गुण केवळ तपासणाऱ्यावर अवलंबून. 58 चा मुलगा बाहेर आणि 63 चा आत, यातला फरक एवढाच असू शकत होता. शेवटी अप्रेंटिसशिप धरायची असा नियम लिहून काढला आणि सगळे बायोडाटे त्या एका नियमाने पुन्हा तपासले. नावं आणि आतले शेरे झाकून.

हे करताना कंट्रोलरचा रकाना उघडा पडला. सातपूरच्या आयटीआयकडची बरीच पोरं बायोडाटा सायबर कॅफेत बनवून घेतात. कॅफेवाल्याकडे एक साचा तयार असतो, त्यात नाव-पत्ता बदलला की झालं. त्या साच्यात फानुक, सीमेन्स, मित्सुबिशी अशी यादी आधीच टाइप केलेली. एकामागून एक कागद हातात घेतले तर तीच यादी, त्याच क्रमाने, आणि सीमेन्सचं स्पेलिंग सगळीकडे एकाच जागी चुकलेलं. घेतलेल्या जवळजवळ सगळ्यांना या रकान्यात 15 पैकी 15 होते. जो गुण सगळ्यांना सारखाच मिळतो तो कोण चांगला निघेल हे सांगूच शकत नाही. त्याला आकडेमोड लागत नाही. वाईट याचं वाटलं, की ज्याने प्रामाणिकपणे फक्त फानुक लिहिलं होतं त्याचे 10 गुण गेले होते.

मग दुसरी बाजू: काम चांगलं म्हणजे काय? आमच्याकडे रिजेक्शनचे आकडे मशीनवार निघतात, त्यामुळे आधी तेच घ्यावेसे वाटले. शॉप फ्लोअरवर अर्धा दिवस उभं राहिलं की त्यातली अडचण दिसते. जुन्या लेथवर बसलेल्या माणसाला स्पिंडलचा खेळ सांभाळत काम करावं लागतं. त्याच्या शेजारी नवीन मशीनवर सैल टॉलरन्सचा बुश चाललेला असतो. दोघांच्या रिजेक्शनची थेट तुलना केली तर माणूस नाही, मशीन मोजलं जातं. म्हणून प्रत्येकाचं रिजेक्शन त्याच लाइनवरच्या, तोच पार्ट काढणाऱ्या इतरांच्या तुलनेत धरलं.

त्याच्या जोडीला सुपरवायझरचं मत हवंच होतं, पण वार्षिक अप्रेझलचे शेरे निरुपयोगी होते. दहापैकी नऊ जणांना “चांगले”. आमच्या जुन्या लाइनचे सुपरवायझर, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांना मी विचारलं, “नाना, पोरगा तयार झाला हे तुम्ही कशावरून ओळखता?” ते म्हणाले, “मॅडम, ज्याच्या हातात सेटिंग सोडून मी निवांत जेवायला जातो, तो तयार.” हाच प्रश्न मी सगळ्या सुपरवायझरांपुढे ठेवला. सहा महिने झाले त्या टप्प्यावर आपल्या लाइनवरचे ऑपरेटर या कसोटीवर खालपासून वरपर्यंत क्रमाने लावा, इतकंच. गुण द्यायला सांगितलं की माणूस सगळ्यांना आठ देतो. क्रम लावताना त्याला निवड करावीच लागते.

इथे दोन गोष्टी मी हट्टाने पाळल्या. एक, क्रम लावणाऱ्याला बायोडाट्याचे गुण दिसू द्यायचे नाहीत. 85 गुणांचा मुलगा आहे हे माहीत असलं की त्याचं काम आपोआप बरं दिसायला लागतं, आणि मग आपण गुणांची तुलना गुणांशीच करत बसतो. दुसरं, एका ऑपरेटरबद्दल दोन सुपरवायझरांचं मत घ्यायचं. शिफ्ट बदलत असल्याने हे जमण्यासारखं होतं. विश्वेश्वरन, ओन्स आणि श्मिट यांच्या 1996 च्या अभ्यासात एकाच माणसाबद्दल दोन वरिष्ठांच्या मतांमधला सहसंबंध 0.52 च्या आसपास निघाला होता. एकट्या माणसाचं मत हे बऱ्यापैकी कच्चं माप असतं, आणि माप कच्चं असलं की खरा संबंधही फिका दिसतो.

एका लाइनवर पाच जण, दुसऱ्या लाइनवर बारा, त्यामुळे क्रमांक तसेच एकत्र करता येत नव्हते. क्रमांकातून अर्धा वजा करून त्या लाइनवरच्या माणसांच्या संख्येने भागलं की सगळे 0 ते 1 या एकाच मापावर येतात. रिजेक्शनचेही लाइनवार क्रम, ज्याचं रिजेक्शन कमी तो वर धरून, असेच केले आणि दोन्हींची सरासरी काढली.

आता सोडून गेलेल्यांचा प्रश्न. 71 पैकी 14 जण सहा महिन्यांच्या आत गेले होते. त्यांना वगळणं सोपं होतं, कारण त्यांचं अप्रेझलच नाही. पण गुणपत्रकाची चूक याच लोकांत दडलेली असू शकते. एक्झिट फॉर्मवर सगळ्यांचं कारण एकच, “वैयक्तिक”. मग सुपरवायझरांकडे बसून एकेकाबद्दल विचारलं, तेव्हाही गुण न सांगता. पाच जण काम जमत नाही म्हणून काढलेले निघाले. उरलेल्या नऊ जणांमध्ये कुणी जास्त पगारावर दुसरीकडे गेलेला, कुणी निफाडकडे घरच्या बागेच्या कामाला परतलेला. त्या पाच जणांना त्यांच्या लाइनच्या तळाशी धरलं. नऊ जणांना कामाच्या हिशेबातून बाजूला ठेवलं, कारण त्यांचं काम वाईट होतं असं म्हणायला आधार नव्हता. उरले 62.

एक्सेलमध्ये पुढचं काम दोन ओळींचं आहे. दोन्ही रकान्यांचे क्रमांक काढायचे आणि त्या क्रमांकांचा सहसंबंध. बी मध्ये गुण, सी मध्ये काम, डी आणि ई मध्ये त्यांचे क्रमांक:

```
=RANK.AVG(B2,B$2:B$63,1)
=CORREL(D2:D63,E2:E63)
```

आधी मी नेहमीच्या भरतीतून आलेले 40 जण वेगळे काढून, रेंज तेवढ्याच ओळींपुरती ठेवून, बघितले. उत्तर आलं 0.06. म्हणजे जवळपास शून्य. साहेबांनी आकडा बघितला आणि म्हणाले, “मग एवढी वर्षं आपण चिठ्ठ्या उडवल्या असत्या तरी चाललं असतं का?” या आकड्यावरून ते पटकन म्हणावंसं वाटतं खरं. पण तो निष्कर्ष या आकड्यातून निघत नाही, आणि मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाची गोष्ट इथेच सापडली.

आपल्याकडे काम कुणाचं नोंदलेलं आहे? फक्त घेतलेल्यांचं. या 40 जणांत 60 च्या खालचा एकही नाही. आपल्याकडे निर्यातीच्या पेटीत भरलेल्या द्राक्षांवरून मण्याचा आकार आणि प्रत यांचा संबंध शोधायला गेलं तर हाती काही लागणार नाही, कारण बारीक मणी कात्रीने आधीच काढून टाकलेले असतात. गुण सरासरीभोवती किती पसरलेत हे प्रमाण विचलन सांगतं. सगळ्या अर्जदारांच्या गुणांचं ते 16 होतं. घेतलेल्या 40 जणांचं 7. गुणांमधला फरकच निम्म्याहून कमी उरला, तर त्या फरकाने कामात काय बदलतं ते दिसणार कसं?

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं आहे. अमेरिकी हवाई दलाने वैमानिकांच्या निवडचाचण्या तपासण्यासाठी हजाराहून अधिक उमेदवार, चाचणीत कितीही कमी गुण असले तरी, प्रशिक्षणाला पाठवले. रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी 1949 मध्ये त्याचा हिशेब मांडला. सगळ्या 1,036 जणांत चाचणीचा आणि प्रशिक्षणातल्या यशाचा सहसंबंध 0.64. त्यांच्यातलेच जे 136 जण कडक निकषावर निवडले गेले असते, तेवढेच घेतले तर 0.18. चाचणी तीच, प्रशिक्षण तेच. फक्त वरचा तुकडा बघितल्याने चांगली चाचणी कुचकामी दिसायला लागते.

हा तोटा भरून काढायचं एक सूत्र आहे. r म्हणजे घेतलेल्यांमधला सहसंबंध, R म्हणजे सगळ्या अर्जदारांमध्ये तो किती असेल याचा अंदाज. u म्हणजे सगळ्या अर्जदारांचं विचलन भागिले घेतलेल्यांचं विचलन, आमच्या बाबतीत 16/7:

```
R = r*u / sqrt(1 + r^2*(u^2 - 1))
```

त्यात 0.06 घातला की 0.14 मिळतो. तो मी साहेबांना दाखवला, पण त्यावर विसंबू नका असंही सांगितलं. एक तर हे सूत्र गृहीत धरतं की निवड केवळ या गुणांवर झाली. आमच्याकडे तशी ती झालेली नाही, मध्ये ट्रायल आहे. दुसरं म्हणजे 40 माणसांवरचा 0.06 हा आकडा स्वतःच डळमळीत असतो. खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ती 95 टक्के खात्रीची त्याची पट्टी उणे 0.26 पासून अधिक 0.36 पर्यंत जाते. सूत्राने आकडा मोठा होतो, पण त्यासोबत ही अनिश्चितताही ताणली जाते.

ट्रायलचा मुद्दा थोडा सावकाश सांगते, कारण तो सहज नजरेतून सुटतो. निवड दोन्ही गुणांच्या बेरजेवर होत होती. म्हणजे बायोडाट्यात 61 असलेला मुलगा आत आला असेल तर तो ट्रायलच्या जोरावर. 88 वाल्याला ट्रायल जेमतेम जमली तरी चालून गेलं. त्यामुळे घेतलेल्यांत कमी गुणवाले हात तयार असलेले, आणि जास्त गुणवाल्यांत हाताने बेताचेही काही, अशी सरमिसळ आपोआप तयार होते. मग कामात 61 वाला 88 वाल्याच्या बरोबरीने दिसला तर त्यात नवल नाही. बायोडाट्याचा दोष असो वा नसो.

हे नुसतं तर्काने सांगून भागणार नव्हतं, म्हणून ट्रायलचं रजिस्टर काढलं. त्यात ट्रायल देऊन नापसंत झालेल्यांचेही गुण होते. ट्रायल दिलेल्या सगळ्यांमध्ये बायोडाट्याचे गुण आणि ट्रायलचे गुण यांचा सहसंबंध 0.05, म्हणजे दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. त्यांच्यातून फक्त घेतलेले उचलले तर तोच आकडा उणे 0.31. मधल्या काळात माणसं बदलली नव्हती. आमच्या निवडीनेच हा उलटा संबंध घडवला होता. आपल्या डेटात असं झालंय का, हे ओळखायची ही सोपी खूण आहे.

आणि मग ती 2022 ची तुकडी हाताला लागली. त्या वर्षी एक नवी लाइन घाईत सुरू करावी लागली होती. माणसं मिळत नव्हती, तेव्हा आयटीआय झालेला आणि मेडिकल पास असलेला जो येईल त्याला घेतलं. सवयीने बायोडाट्यावर गुण टाकले गेले, ट्रायलही झाली, पण दोन्हींच्या आकड्यांकडे कुणी बघितलं नाही. सगळे रुजू. गुण 38 पासून 88 पर्यंत पसरलेले. त्या 26 जणांना तेव्हा ऑफिसात “गर्दीची बॅच” म्हणत आणि नाक मुरडत. माझ्यासाठी मात्र तीन वर्षांतला सर्वांत किमती डेटा तोच होता, कारण 60 च्या खालच्या माणसांचं पुढे काय झालं हे फक्त तिथेच कळत होतं.

त्यांच्यापैकी 22 जणांचं काम मोजता आलं. बायोडाट्याचे गुण आणि काम यांचा सहसंबंध 0.41. ट्रायलचा 0.50. म्हणजे गुणपत्रकात काहीतरी दम होता. नेहमीच्या भरतीत तो दिसत नव्हता एवढंच. पण 22 माणसांवर 0.41 ची पट्टी जवळपास शून्यापासून 0.71 पर्यंत पसरते. त्यामुळे “गुणपत्रक चालतं” असं मी लिहिलं नाही. “ते चालत नाही असं म्हणायला आधार नाही, आणि ट्रायल त्याच्यापेक्षा कमी नाही” असं लिहिलं. साहेबांना एका आकड्यात उत्तर हवं होतं. मी पट्टीसकट आकडा दिला आणि तोच द्यायला हवा असं मला आजही वाटतं. 22 माणसांवरून सिन्नरच्या शेकडो अर्जांचं भवितव्य ठरणार असेल, तर ते किती पक्कं आहे हे ठरवणाऱ्याला दिसलंच पाहिजे.

कोणता रकाना किती कामाचा हेही सगळ्यांना जाणून घ्यायचं होतं. ते मी 22 जणांवर करायला नकार दिला. पाच रकाने पाच प्रकारे फिरवले की त्यातला एखादा योगायोगाने झळकतोच, आणि मग त्याच माणसांवरून वजनं ठरवून त्याच माणसांवर ती तपासली की उत्तर छान येतं. पुढच्या भरतीत ते टिकत नाही.

स्थैर्याच्या रकान्याबद्दल मात्र आकड्यांच्या आधीच माझं मत झालं होतं. एका वर्षाच्या आत नोकरी बदलली की गुण कापले जात. पण एमआयडीसीत ठेकेदाराकडे असलेल्या पोराला काही महिन्यांनी ब्रेक दिला जातो आणि तो दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर, कधी त्याच गेटवर, पुन्हा उभा राहतो. बायोडाट्यावर ते तीन नोकऱ्या सोडल्यासारखं दिसतं. गर्दीच्या बॅचमध्ये असे आठ जण होते. सहा जण वर्ष उलटूनही आमच्याकडेच होते. आठ माणसांवरून सिद्ध काहीच होत नाही. पण ज्या गोष्टीचा निर्णय त्या पोराच्या हातात नव्हताच, त्यासाठी त्याचे गुण कापायचे तर सिद्ध करण्याची जबाबदारी कापणाऱ्यावर आहे.

सिन्नरसाठी ठरलं ते असं. कंट्रोलरचा रकाना रद्द. त्याऐवजी ट्रायलमध्ये समोरच्या कंट्रोलरवर टूल ऑफसेट देऊन दाखवायचा. अप्रेंटिसशिप अनुभवात धरायची, हे छापील नियमात. ठेकेदार बदलला तर ती नोकरी सोडली असं धरायचं नाही. रद्द रकान्याचे 15 गेल्यामुळे एकूण गुण 85 झाले आणि ट्रायलची रेषा 60 वरून 40 वर आणली. बायोडाट्याच्या गुणांनी ट्रायलला कोण बसेल एवढंच ठरेल, ते बेरजेत धरले जाणार नाहीत.

रेषा खाली आणण्यावर वाद झाला. दर ट्रायलला मशीनचा वेळ जातो, मटेरियल जातं, सेटर अडकतो. नानांनीच तो मिटवला. ते म्हणाले, “साहेब, एक पीस काढायला पोराला अर्धा तास लागतो. चुकीचा माणूस घेतला तर मला सहा महिने लागतात.”

माझी अट एकच होती: गुणांची फाइल बंद राहील. सुपरवायझरांना ती दिसणार नाही, आणि सहा महिन्यांनी त्यांनी क्रम लावून सही केल्यावरच ती उघडायची. जुन्या फाइली मागे वळून बघताना कुणाला काय आठवतं यावर बरंच अवलंबून राहावं लागलं. पुढे जाताना तसं राहायची गरज नाही. 0.3 इतका संबंध खरोखर असेल तर तो पाचपैकी चार वेळा पकडायला 85 च्या आसपास माणसं लागतात. सिन्नरच्या वेगाने तेवढी जमायला वेळ जाईल, आणि त्या आधी कुणी निकाल मागितला तर मी पट्टीसकटच देणार. सध्या 40 ते 60 मधून ट्रायल पास होऊन आलेली पहिली तुकडी मशीनवर आहे. त्यांचा क्रम दिवाळीनंतर लागेल.